कागदामागे कोण उभं आहे? : बूटकॅम्प, ऑनलाइन सर्टिफिकेट आणि आपण

रायपूरच्या गोल बाजारात भांडी, लग्नाचं सामान, जडीबुटी, पूजेचं साहित्य असं सगळं मिळतं. आता त्या गल्ल्यांतल्या खांबांवर आणि शटरांवर आणखी एका मालाच्या जाहिराती दिसतात. ‘सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट’, ‘ग्लोबल सर्टिफिकेट’, ‘परदेशात प्रवेशाची हमी’, ‘आधी शिका, फी नंतर हप्त्यांत’. त्या वाचणारी मुलं-मुली आपलीच असतात. बाप दुकानात हमाली किंवा विक्रीचं काम करतो, आई घरकाम करते, आणि घरात पदवी मिळवणारं हे पहिलंच माणूस. पदवी घेऊनही काम मिळेना म्हटल्यावर, पदवीवर अजून एक कागद लावला तर दार उघडेल, असं त्यांना वाटतं. मी या भागात पदवीधरांचे अर्ज भरून द्यायला मदत करतो. दर आठवड्याला कोणीतरी असा कागद, किंवा असा कागद घेण्यासाठी भरायचा कर्जाचा फॉर्म, घेऊन येतं. म्हणून या विषयावर सविस्तर लिहितो आहे.

रायपूरला कागदाचा धडा एकदा मिळालेला आहे, आणि तो साधासुधा नव्हता. २००२ साली छत्तीसगड सरकारने खासगी विद्यापीठांचा कायदा केला. त्याच्या आधारावर साधारण वर्षभरात शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं कागदावर उभी राहिली. त्यांतल्या कित्येकांना ना इमारत होती, ना ग्रंथालय, ना प्राध्यापक. एखाद-दुसऱ्या खोलीत विद्यापीठाचा कारभार चालत होता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष आणि भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्यातली विद्यापीठं स्थापन करण्याची कलमंच रद्द केली, आणि ती विद्यापीठं एका निकालासरशी संपली. विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून संस्थांना राज्यातल्या जुन्या विद्यापीठांशी जोडून घ्यायचा मार्ग न्यायालयाने सुचवला.

हे आज सांगायचं कारण असं की त्या पदव्यांवरही शिक्का होता, सही होती, सोनेरी किनार होती. फक्त त्यामागे टिकेल असं कोणी उभं नव्हतं. ज्यांच्या घरात कोणी प्राध्यापक किंवा वकील होता, त्यांना ‘इथे नाव घालू नको’ असं सांगणारं माणूस घरातच होतं. आपल्या घरात ते नव्हतं. म्हणून कुठलाही कोर्स समोर आला की मी तीन प्रश्न विचारतो. हा कागद कोण देतं? त्यासाठी परीक्षा कशी आणि कोणासमोर होते? आणि तो कागद मान्य करणं कोणावर बंधनकारक आहे? कोर्स चांगला की वाईट हा प्रश्न त्यानंतरचा.

हे तीन प्रश्न एका प्रत्यक्ष उदाहरणावर लावून पाहू. गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी रायपूरच्याच कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. विषय गणित, संगणकशास्त्र आणि भौतिकशास्त्र. तिला जर्मनीत डेटा सायन्सचं एमएस्सी करायचं होतं, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क जवळपास नसतं. एका संस्थेने तिला नऊ महिन्यांचा बूटकॅम्प सुचवला होता. फी दीड लाखाच्या वर, हप्त्यांत. ‘या सर्टिफिकेटमुळे परदेशी विद्यापीठात प्रोफाइल भक्कम होते’ असं समुपदेशकाने फोनवर सांगितलं होतं. लिहून मात्र काही दिलं नव्हतं.

आम्ही दोन-तीन जर्मन विद्यापीठांच्या प्रवेशाच्या अटी समोर ठेवल्या आणि ओळीने वाचल्या. तिथलं विद्यापीठ आधी बघतं की तुमची पदवी देणारं विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का. त्यासाठी त्यांची ‘अनाबिन’ नावाची सरकारी यादी आहे. मग ते तुमच्या गुणपत्रिकेतले विषय मोजतात. युरोपात हे मोजमाप ईसीटीएस श्रेयांकांत होतं; वर्षाला ६०, म्हणजे तीन वर्षांची पदवी साधारण १८०. गणिताचे इतके श्रेयांक, संगणकाचे इतके, संख्याशास्त्राचे इतके, अशा अटी असतात आणि त्या प्रत्येक विद्यापीठाच्या वेगळ्या. तिचे तीनही विषय समान धरले तर गणिताचे साठेक आणि संगणकाचे साठेक श्रेयांक बसत होते. संख्याशास्त्र मात्र तोकडं पडत होतं.

आता बूटकॅम्पचं सर्टिफिकेट या मोजणीत कुठे बसतं? कुठेच नाही. ते देणारी संस्था विद्यापीठ नाही, त्यावर श्रेयांक नाहीत, आणि मोजणी गुणपत्रिकेवरून होते. शिवाय १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीत शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना दिल्लीच्या एपीएस कार्यालयाकडून कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. ते कार्यालयही पदवी आणि गुणपत्रिका तपासतं. बूटकॅम्प तुमच्या प्रेरणापत्रात एका वाक्याचा मजकूर होऊ शकतो. श्रेयांकांची उणीव भरून काढू शकत नाही.

पण तिच्याकडे एक रस्ता होता, आणि तो बहुतेकांना कॉलेज संपल्यावर कळतो. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने मिळून चालवलेल्या एनपीटीईएलचे कोर्स ‘स्वयम्’ मंचावर मोफत शिकता येतात. पैसे लागतात ते फक्त परीक्षेला. मूळ शुल्क एका विषयाला हजार रुपयांच्या आसपास राहिलं आहे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना त्यात सवलत मिळते. परीक्षा घरी बसून नाही, केंद्रावर ओळखपत्र दाखवून होते. शंभरपैकी २५ गुण आठवड्याच्या स्वाध्यायांचे आणि ७५ त्या परीक्षेचे. बारा आठवड्यांच्या कोर्सला साधारण तीन श्रेयांक धरतात. २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतच्या विषयांना अशा कोर्सचे श्रेयांक देऊ शकतं.

यातला ‘देऊ शकतं’ हा शब्द नीट वाचा. कॉलेज-विद्यापीठाने तो कोर्स आधी मान्य केलेला असावा लागतो. म्हणून कोर्सला नाव घालण्याआधी विभागप्रमुखांना लेखी विचारायचं, उत्तर लेखी घ्यायचं, आणि मग सत्र सुरू होताना नोंदणी करायची. ते जमलं तर त्या विषयाचे गुण तुमच्या गुणपत्रिकेवर येतात. एकदा गुणपत्रिकेवर आले की जर्मन विद्यापीठाच्या दृष्टीने तो तुमच्या पदवीतलाच एक विषय असतो. पदवी हातात आल्यानंतर तोच कोर्स केला तर तो सुटा कागद राहतो. त्या मुलीने शेवटच्या सत्रात संख्याशास्त्राचा बारा आठवड्यांचा कोर्स याच पद्धतीने घेतला आणि बूटकॅम्पचा फॉर्म परत केला. कोर्स तोच असला तरी तो कधी आणि कोणामार्फत केला, यावर त्याची किंमत ठरते.

परदेशी विद्यापीठं ऑनलाइन कोर्सवरून प्रवेश देतच नाहीत असं नाही. एमआयटीचे मायक्रोमास्टर्स हे चांगलं उदाहरण आहे. पुरवठा साखळी व्यवस्थापन, किंवा अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांच्या शिकवणीशी जोडलेला डेटा-अर्थशास्त्र-धोरण हा अभ्यासक्रम ऑनलाइन पुरा करून, देखरेखीखालच्या परीक्षा पास झालेल्यांना तिथल्या एमएच्या दर्जाच्या अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो आणि आधीचं काम श्रेयांक म्हणून धरलं जातं. दुसऱ्या अभ्यासक्रमाची परीक्षा फी उत्पन्नानुसार कमी होते, हे आपल्यासाठी महत्त्वाचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या काही ऑनलाइन पदव्युत्तर पदव्यांना तर सुरुवातीचे ठरलेले विषय चांगल्या गुणांनी पास होणं हाच प्रवेश आहे. या सगळ्यांत समान गोष्ट एकच : प्रवेश देणारं विद्यापीठच तो कोर्स देतं आणि नियम आधीच लिहून ठेवतं. आणि एक मर्यादाही आहे. पूर्ण ऑनलाइन पदवीवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. शिक्षण परदेशी झालं तरी तुम्ही रायपुरातच असता.

शिष्यवृत्तीचं गणितही असंच आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती घ्यायची तर पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के, ३५ पेक्षा कमी वय, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेंत असलेल्या विद्यापीठाचा विनाअट प्रवेश लागतो. या यादीत बूटकॅम्पला जागाच नाही. ज्याचे पदवीला ५८ टक्के आहेत, त्याला पाच सर्टिफिकेटंही ६० वर नेत नाहीत. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. मराठी बोलतो म्हणून रायपूरच्या मुलाला ती मिळत नाही. हेही कित्येकांना अर्ज भरताना कळतं.

आता स्थलांतराकडे येऊ. ‘सर्टिफिकेट करा आणि परदेशी नोकरी शोधा’ असं सांगणारे जर्मनीच्या संधी-पत्राचं, म्हणजे चान्सनकार्टचं, नाव हल्ली फार घेतात. हे पत्र १ जून २०२४ पासून सुरू झालं. नोकरी शोधायला एक वर्षापर्यंत जर्मनीत राहता येतं आणि त्या काळात आठवड्याला वीस तास काम करता येतं. त्याची पहिली अट म्हणजे आपल्या देशात सरकारमान्य असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण. ती पुरी झाल्यावर सहा गुण जमवायचे असतात.

त्याच मुलीचे गुण आम्ही मोजले. वय ३५ च्या आत, २ गुण. जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत शिकली, तर २. इंग्रजी सी-१ पातळीचं असेल, तर १. टंचाई असलेल्या क्षेत्रातली पदवी म्हणून संगणक-गणित धरलं गेलं, तर १. झाले सहा. दोन वर्षांचा संबंधित कामाचा अनुभव असता तर त्याचे आणखी २ मिळाले असते. बूटकॅम्पचे किती? शून्य. नऊ महिने आणि दीड लाख घालून एकही गुण वाढत नव्हता. तेच नऊ महिने जर्मन भाषेला दिले तर दोन गुण होते, आणि बी-२ गाठलं तर तीन. स्थलांतराच्या कचेऱ्या ज्या छोट्या परीक्षांना खरोखर मान देतात त्या भाषेच्या आहेत, हे या हिशेबातून स्पष्ट होतं.

इतर देशांतही सांगाडा साधारण हाच आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत शिक्षणाचे गुण पदवी-पदविकांच्या अधिकृत मूल्यमापनावरून मिळतात; काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स त्यात धरला जात नाही. तिथे जाऊन छोटा कोर्स करायचा विचार असेल तर तो आठ महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा नको, नाहीतर शिक्षणानंतरचा कामाचा परवाना मिळत नाही. अमेरिकेचा एच-१बी पदवी किंवा तिच्या बरोबरीचं काही मागतो. पदवीशिवायची एक वाट जर्मनीत आहे : आयटीमध्ये गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा वरच्या दर्जाचा अनुभव आणि ठरलेल्या पगाराची नोकरी हातात असेल तर ब्लू कार्ड मिळू शकतं. पण तिथेही मोजतात तो अनुभव. सर्टिफिकेटचा उपयोग झाला तर तो इतकाच, की त्यामुळे तुम्हाला पहिली नोकरी लागली.

म्हणजे खरा प्रश्न नोकरी देणाऱ्याचा. तो कुठला कागद मानतो? इथे तिसरा प्रश्न, मान्य करणं कोणावर बंधनकारक आहे, सगळ्यात उपयोगी पडतो.

सर्वांत वर ते कागद, जे कायद्याने किंवा भरतीच्या नियमाने लागतात. म्युच्युअल फंड विकायचे असतील तर एनआयएसएमची पाच-अ क्रमांकाची परीक्षा पास व्हावीच लागते. शंभर प्रश्न, दोन तास, ५० गुणांना पास, आणि तीन वर्षांची मुदत. बीकॉम झालेल्या मुलाला या एका कागदाने जे काम करता येतं ते त्याशिवाय करताच येत नाही. छत्तीसगडमध्ये लिपिक आणि डेटा एंट्रीच्या कित्येक सरकारी जाहिरातींत मान्यताप्राप्त संस्थेचा एक वर्षाचा संगणक डिप्लोमा आणि हिंदी टायपिंगची गती मागतात. म्हणूनच इथे डीसीए घरोघरी माहीत आहे. नागपूर-गोंदियाच्या नातेवाइकांनी सांगितलं म्हणून एमएस-सीआयटी करून रायपूरच्या भरतीत ते दाखवण्याआधी जाहिरातीतलं वाक्य वाचा. एक वर्षाच्या डिप्लोमाच्या जागी काही आठवड्यांचा कोर्स चालत नाही.

दुसऱ्या पायरीवर ते कागद, जिथे परीक्षार्थी काम करून दाखवतो. रेड हॅटची आरएचसीएसए किंवा कुबर्नेटीसची सीकेए या परीक्षांत पर्यायांवर खूण करायची नसते. चालू यंत्र समोर असतं आणि ठरलेल्या वेळात त्यावर काम करून दाखवायचं असतं. घोकून पास होता येत नाही, म्हणून भरती करणारा त्यावर विसंबतो. सिस्को सीसीएनए आणि एडब्ल्यूएसच्या असोशिएट पातळीच्या परीक्षा त्याच्या जवळपास येतात. त्यांत बहुतेक प्रश्न पर्यायी असतात, पण देखरेख कडक असते आणि कागद खरा आहे की नाही हे कोणालाही संकेतस्थळावर तपासता येतं. या परीक्षा महाग आहेत. सीसीएनएची फी ३०० डॉलर आणि एडब्ल्यूएसची १५० डॉलर आहे. दोन्ही तीन वर्षांनी शिळ्या होतात. त्यामुळे नोकरीसाठी अर्ज करायच्या काही महिने आधीच त्या द्याव्यात. पदवीच्या पहिल्या वर्षी देऊन ठेवल्या तर गरजेच्या वेळी मुदत संपत आलेली असते.

शेवटच्या पायरीवर हजेरीचे कागद. व्हिडिओ पाहिले, छोट्या चाचण्या घरबसल्या दिल्या, आणि सर्टिफिकेट डाउनलोड झालं. त्यावर मोठ्या कंपनीचं किंवा विद्यापीठाचं नाव असलं तरी भरती करणाऱ्याला माहीत असतं की ते कोणालाही मिळतं. असा कोर्स शिकण्यासाठी जरूर करा, कधीकधी तो उत्तमही असतो. पण बायोडाटात त्याच्या नावाऐवजी तो शिकून तुम्ही काय बनवलं ते लिहा. ज्याच्या बायोडाटात अशी बारा नावं असतात, त्याने एकही गोष्ट शेवटपर्यंत नेलेली नाही, असा अर्थ मुलाखत घेणारा काढतो.

बूटकॅम्प यांतल्या कुठल्या पायरीवर? बहुतेक तिसऱ्या, आणि फी मात्र पहिल्याहून कितीतरी जास्त. त्यांची विक्री चालते ती ‘प्लेसमेंट’च्या आकड्यावर. अमेरिकेत ब्लूमटेक नावाच्या, आधी लॅम्बडा स्कूल म्हणून गाजलेल्या, बूटकॅम्पवर तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये कारवाई केली. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के मुलांना नोकरी लागते असं म्हटलं होतं. संस्थेच्या आतल्या आकड्यांत ते प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि काही तुकड्यांत तीसपर्यंत खाली होतं. ‘नोकरी लागल्यावर पगारातून द्या’ हा त्यांचा करार म्हणजे कर्जच आहे, असंही त्या संस्थेने ठरवलं. त्याच वर्षाच्या शेवटी मोठमोठ्या विद्यापीठांच्या नावाने बूटकॅम्प चालवणाऱ्या टू-यू कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडचा ‘बिनव्याजी हप्ता’ही बऱ्याचदा एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज असतं, तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर. संस्था आपली फी कर्जातून लगेच घेऊन मोकळी होते. कोर्स आवडला नाही, मधेच सोडला, किंवा संस्थाच बंद पडली, तरी हप्ता चालूच राहतो आणि थकला की वडिलांचं पतमानांकन बिघडतं. म्हणून सही करण्याआधी कर्ज देणाऱ्याचं नाव विचारा, परताव्याची अट लेखी मागा, आणि मागच्या तुकडीत किती जणांनी नाव घातलं, किती जणांनी पुरं केलं आणि किती जणांना कुठल्या पगारावर काम मिळालं, हे तीनही आकडे वेगवेगळे मागा. फक्त शेवटचा आकडा सांगितला तर तो कशाच्या तुलनेत काढला ते कळत नाही. आणि ‘आजच्या दिवसच सवलत’ असं म्हणून घाई केली तर उठून बाहेर या.

यूजीसीने एप्रिल २०२४ मध्ये ‘दहा दिवसांत एमबीए’सारख्या कोर्सबद्दल इशारा दिला होता, की अशा नावाची पदवी कोणी देऊ शकत नाही. खासगी कंपन्यांशी भागीदारी करून दिलेल्या फ्रँचायझी पदव्यांबद्दलही आयोगाने विद्यार्थ्यांना सावध केलं आहे. तरी ऑनलाइन म्हटलं की सगळंच फसवं, असं समजू नका. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बीएस ही ऑनलाइन शिकून मिळणारी पूर्ण पदवी आहे, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना फीत मोठी सवलत आहे. तीन प्रश्नांची उत्तरं ती व्यवस्थित देते.

एक गोष्ट आपल्या बाजूने बोलायला हवी. ज्यांच्या काकांचा मित्र कंपनीत मॅनेजर आहे, त्यांना सर्टिफिकेट फारसं लागत नाही. ओळखीचा शब्द त्यांच्यासाठी बोलतो. या देशात ती ओळख जातीच्या वाटेने फिरते. आपल्यासाठी शब्द टाकणारं कोणी नसतं, म्हणून आपल्याला असा कागद लागतो जो अनोळखी माणसालाही पटेल, जो तो स्वतः तपासून पाहील. कागदाची गरज आपल्याला जास्त आहे, आणि खोट्या कागदाचा धोकाही आपल्यालाच जास्त आहे. बाजाराला हे पक्कं माहीत आहे.

तेव्हा पैसे थोडे असतील तर ते या क्रमाने खर्च करा. आधी पदवीचे गुण, कारण ते पुन्हा वाढवता येत नाहीत. पदवी चालू असेल तर स्वयम्‌चे श्रेयांक गुणपत्रिकेवर आणा. बाहेर जायचं असेल तर भाषा. नोकरीसाठी, हव्या असलेल्या कामाच्या वीस जाहिराती गोळा करा आणि त्यांत नावानिशी मागितलेली एकच परीक्षा निवडा. एकाही जाहिरातीत नाव नसलेल्या सर्टिफिकेटवर वडिलांची सही घेऊ नका.